लसी पुऱ्या होईपर्यंतचं पिल्लू: व्हिडिओच्या शूटिंगआधीची तयारी

पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी व्हिडिओ करायचा ठरला की खाणं, शी-शू, आंघोळ, नखं, पट्टा असं सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये बसवायचा मोह होतो. तो आवरा. मुंबईतल्या नव्या घराला सगळ्यात जास्त नडणारा प्रश्न एकच आहे, तोच घ्या: लसी पुऱ्या झाल्या नाहीत, तर पिल्लाला बाहेर न्यायचं की नाही? डॉक्टर सांगतात, खाली सोडू नका. कुत्र्यांना शिकवणारे सांगतात, आत्ताच जग दाखवा. दोघंही बरोबर असतात आणि घरचे मात्र गोंधळतात. आपल्या व्हिडिओनं हा गोंधळ सोडवायचा आहे. पुढची सगळी तयारी त्याच अंगानं करा.

सगळ्यात आधी एक पिल्लू ठरवा आणि त्याच्या तारखा कागदावर मांडा. समजा, गोरेगावात तिसऱ्या मजल्यावरच्या घरी १ जूनला देशी पिल्लू आलं आणि त्या दिवशी ते बरोबर ८ आठवड्यांचं आहे. पहिली एकत्रित लस त्याच दिवशी झाली. त्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि कावीळ आणणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसपासून संरक्षण असतं. चार-चार आठवड्यांचं अंतर धरलं तर दुसरी लस २९ जूनला, म्हणजे १२ आठवड्यांना येते. रेबीजची लसही साधारण तेव्हाच. तिसरी २७ जुलैला, १६ आठवड्यांना. त्यानंतर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे धरा, म्हणजे १० ऑगस्ट उजाडला. आता त्याच कागदावर दुसरी रेघ ओढा. नवी माणसं, आवाज, वस्तू सहज स्वीकारायचं पिल्लाचं वय साधारण ३ आठवड्यांपासून १२ ते १४ आठवड्यांपर्यंत असतं. आपल्या पिल्लाच्या बाबतीत ते जुलैच्या मध्यालाच संपतं. कोर्स पुरा होईपर्यंत पिल्लू दाराआड ठेवलं, तर ते वय निघून गेल्यावर पहिल्यांदा रिक्षाचा हॉर्न ऐकेल. या दोन रेघा एकाखाली एक पडद्यावर दाखवा. शब्दांत लांबलचक समजावण्यापेक्षा हे एक चित्र लवकर कळतं.

आता डॉक्टरांच्या टिपा. शूटिंगच्या आधीच त्यांच्यासोबत अर्धा-पाऊण तास बसा आणि प्रत्येक टीप त्यांच्या तोंडच्या शब्दांत लिहून घ्या. पहिली टीप तीन-तीनदा लस का, याची हवी. घरचे हमखास विचारतात, एकदा टोचलं ना, मग परत कशाला? कारण असं: पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक घटक मिळतात. ते अंगात असेपर्यंत पिल्लाला सांभाळतात, पण लसही निकामी करतात. ते कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं; एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. म्हणून ठरावीक अंतरानं लस देत राहायची आणि शेवटची १६ आठवडे झाल्यावर किंवा त्यानंतर. बारा आठवड्यांनाच ‘कोर्स झाला’ म्हणून थांबलेली पिल्लं पार्व्होत सापडू शकतात, हे डॉक्टरांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं बरं. घरोघरच्या तारखा थोड्या वेगळ्या असतील, तेव्हा ‘तुमच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेली तारीखच धरा’ ही ओळ पडद्यावर राहू द्या.

दुसरी टीप पावसाची. आपलं पिल्लू जून ते ऑगस्ट या काळात वाढतंय आणि मुंबईत हेच लेप्टोचे दिवस. २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टो हा शब्द इथं घराघरांत पोचला. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात, कुत्र्याला होतात आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतात. लेप्टोच्या लसीचे दोन डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं लागतात, पुढं दरवर्षी एक. ती एकत्रित लसीतच आहे की वेगळी घ्यायची, हे कार्डावरचं स्टिकर दाखवून डॉक्टरांना विचारा, असं सांगा. कार्डाचा जवळून एक शॉट इथं घ्याच; मालकाचं नाव-पत्ता तेवढा झाका.

तिसरी टीप पार्व्होची आणि तिला थोडा जास्त वेळ द्या. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, चपलांच्या तळव्यांवरून घरातही येतो. चपला दाराबाहेरच काढायच्या. साध्या फिनाइलवर विसंबायचं नाही. आधी घाण पुसून घ्यायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी लावून दहा मिनिटं राहू द्यायचं, नंतर फरशी धुवायची, आणि तोवर पिल्लू दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळायचं नाही, हे त्याच वाक्यात येऊ द्या. दवाखान्यातही हाच धोका असतो. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या गर्दीच्या ओपीडीत पिल्लू फरशीवर सोडायचं नाही. मांडीवर किंवा पिशवीत, नंबर येईपर्यंत.

आता वागणुकीची प्रात्यक्षिकं. तीन पुरेत. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं ‘उचलून नेलेली सैर’. ओढणीची झोळी किंवा समोर अडकवायची पिशवी घ्या, मागच्या पायांना खालून आधार हवा. पिल्लाला पट्टाही लावा, कारण घाबरलेलं पिल्लू हातातून उडी मारतं. लिफ्टनं खाली, गेटपाशी उभं राहायचं, दहा मिनिटं. वॉचमन, शाळेची बस, छत्री उघडणारी बाई, पाणी उडवत जाणारी रिक्षा, सगळं दुरून. काही नवं दिसलं-ऐकलं की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. आवाजाच्या आधी खाऊ दाखवला तर पिल्लू खाऊतच गुंततं आणि आवाजाशी त्याचा काही संबंध जुळत नाही. संपादकालाही हे सांगून ठेवा, नाहीतर कट करताना तुकड्याचा शॉट आधी जायचा. सोसायटीची बाग, कंपाउंड, जुहूची वाळू, जिथं अनोळखी कुत्री फिरतात तिथं पाय टेकवायचे नाहीत. मात्र लसी पुऱ्या झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा कुणाच्या घरी असेल तर तिथं भेट चालेल. हेही डॉक्टरांच्या आवाजात घ्या, कारण ‘बाहेर नाही’ ऐकलेली माणसं हे ऐकायला तयार नसतात.

या प्रात्यक्षिकातच भीतीची लक्षणं दाखवायची आहेत. पिल्लू ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, कान मागं पाडतं, शेपटी पोटाशी घेतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. सगळ्यात सोपी खूण म्हणजे एरवी झडप घालून खाणारं पिल्लू तुकडा घेत नाही. तसं झालं की गेटपासून मागं सरकायचं, जिन्यापाशी जाऊन बघायचं. तिथं खाल्लं तर आजचं अंतर तेच. जवळ नेऊन ‘काही नाही होत’ म्हणत धरून ठेवायचं नाही. आणि एक गोष्ट आपल्या टीमसाठी, निक्षून: शॉट मिळावा म्हणून पिल्लाला मुद्दाम घाबरवायचं नाही. फटाका नाही, भांडं आपटणं नाही. या वयातली एक भीती आयुष्यभर राहू शकते. ओठ चाटणं, जांभई या खुणा नेहमीच्या चित्रीकरणात आपोआप मिळतातच. तेवढ्याच शॉटवर भागवा.

दुसरं प्रात्यक्षिक घरातल्या आवाजांचं. गणपती जवळ आलेले असतील, तेव्हा ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग घ्या. फोनचा आवाज इतका कमी की आपल्याला जेमतेम ऐकू येईल. पिल्लू कान टवकारून परत खेळायला लागलं की तुकडा द्या, दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. कुकरच्या शिट्टीलाही हीच रीत: आधी दुसऱ्या खोलीत, मग स्वयंपाकघराच्या दारात. हा भाग छोटा ठेवा, कारण पद्धत तीच आहे.

तिसरं चावण्याचं. या वयात पिल्लू हात, पायजम्याची नाडी, साडीचा काठ सगळं धरतं. घरचे ओरडतात किंवा नाकावर चापट मारतात. दोन्ही गाळायला सांगा. ओरडणं काही पिल्लांना खेळच वाटतं, आणि चापटीनं ती हाताला घाबरायला शिकतात. दाखवायचं असं: दात लागले की हात सैल, हालचाल बंद, उठून पाठ फिरवायची, वीस-तीस सेकंद. मग परत येऊन चघळायचं खेळणं द्यायचं. झोप अपुरी झालेलं पिल्लू जास्त चावतं, तेव्हा खेळ लांबला असेल तर थेट झोपायलाच न्या. या शॉटखाली डॉक्टरांची टीप हवीच: आपल्या पिल्लाला अजून रेबीजची लस नाही, दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. हळद-चुना भरायचा नाही.

शूटिंगच्या दिवशी पिल्लाची झोप पाहून वेळ ठरवा. उठलं, शू झाली, थोडं खाल्लं की पाचेक मिनिटं लक्ष देतं, मग थांबायचं. कॅमेरा पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीला, फरशीवर. मोठे दिवे नकोत, घरात फार तापतं. खिडकीचा उजेड पुरतो. तुकडे मोजून आणा आणि तेवढे त्या दिवसाच्या जेवणातून कमी करा, नाहीतर संध्याकाळी जुलाब लागतात आणि घरच्यांना वाटतं पार्व्होच झाला.

खऱ्या धोक्याची खूण म्हणूनच स्वतंत्र फ्रेमवर हवी: वारंवार उलट्या, रक्ताचे किंवा फार घाण वासाचे जुलाब, खाणं-पाणी सोडणं, मलूल पडून राहणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. एवढ्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन द्यायची नाही. या फ्रेमच्या बाजूला रिकामी जागा सोडा आणि सांगा, जवळच्या रात्रीच्या दवाखान्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर लावा.

पहिला कट तयार झाला की डॉक्टरांना आवाजासकट दाखवा, नुसती स्क्रिप्ट पाठवू नका. ‘आठ आठवड्यांत बाहेर नेता येतं’ हे वाक्य आणि पायाखाली ओली फरशी, असं एकत्र आलं तर बघणारा चित्र लक्षात ठेवतो. असा प्रत्येक शॉट त्यांनी खूण करून दिला की तो बदला, आणि मगच व्हिडिओ पुढं पाठवा.