जर्मनीतल्या हॉटेलमधली आगीची पाटी सांगलीतून समजावून सांगायची असेल तर

मामा-मामी, आई-बाबा किंवा शेजारचे काका-काकू टूरबरोबर जर्मनीला निघाले असतील आणि ‘काही कळलं नाही तर फोटो पाठवतो, तू वाचून सांग’ असं ठरलं असेल, तर ती मंडळी सांगलीत असतानाच तयारी करा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. ते रात्री नऊला खोलीत शिरतात तेव्हा विश्रामबागेत साडेबारा वाजलेले असतात आणि अर्धवट झोपेत आगीच्या पाटीवरचा, बाहेर पडायचा रस्ता दाखवणारा नकाशा वाचला की डावं-उजवं चुकतंच. चार्जर, नेटपॅक, टूर मॅनेजरचा नंबर हे सगळेच करतात, त्यावर वेळ घालवत नाही.

फोटो कोणते हवेत ते निघण्याआधी सांगून ठेवा, नुसतं सांगू नका, त्यांच्याकडून वदवून घ्या. पाटीचा फोटो चारही कोपरे दिसतील असा, फ्लॅश बंद करून, नाहीतर प्लॅस्टिकच्या चकाकीत नेमका जिनाच दिसत नाही. हा फोटो सगळे पाठवतात. जो कोणी पाठवत नाही तो असा: चार पावलं मागे सरकून घेतलेला कॉरिडॉरचा फोटो, ज्यात पाटी कोणत्या भिंतीवर आहे आणि त्यांच्या खोलीचं दार कोणत्या भिंतीला आहे, दोन्ही दिसतं. एका फोटोत मावत नसेल तर दाराचा नंबरासकट वेगळा फोटो आणि सोबत एक वाक्य, ‘पाटी आमच्याच बाजूला’ किंवा ‘पाटी समोरच्या बाजूला’. मागच्या वेळी हेच विचारायचं राहिलं आणि मामांना सांगितलेली दिशा बरोब्बर उलटी निघाली. म्हणून परत सांगते: पाटी कोणत्या भिंतीवर, दार कोणत्या भिंतीला.

याचं कारण नीट समजून घ्या. नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ असा एक ठिपका असतो, बहुतेक निळा. कॉरिडॉरमधल्या पाटीवर तो ठिपका पाटीची जागा दाखवतो, तुमच्या खोलीची नाही. शिवाय असे नकाशे पाटीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या हिशोबाने फिरवून लावलेले असतात: समोरचं वर, पाठीमागचं खाली, डावीकडचं डावीकडे. तोच नकाशा फोनमध्ये खोलीत नेला की हा हिशोब मोडतो. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेली पाटी असेल तर अडचण नाही. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपण बाहेर पडायच्याच दिशेला बघत असतो, त्यामुळे नकाशातलं उजवं तेच बाहेर पडल्यावरचं उजवं.

आता कॉरिडॉरचं उदाहरण घ्या. पाटी लिफ्टच्या समोरच्या भिंतीवर आहे. आधी ताळा करा: पाटी वाचताना लिफ्ट पाठीमागे येते, तर नकाशातही ती ठिपक्याच्या खालच्या बाजूला हवी. तशी नसेल तर पाटी चुकीच्या भिंतीवर लावली आहे. मग तिच्या डाव्या-उजव्यावर विसंबू नका, प्रत्यक्ष चालूनच रस्ता शोधायला सांगा. ताळा जुळला असं धरू. नकाशात ठिपक्याच्या उजवीकडे ओळीने ३१२, ३१४, ३१६, ३१८ आणि टोकाला गडद हिरवा जिना. कॉरिडॉर फिका हिरवा, जिना गडद हिरवा, हे रंग जर्मनीत बहुतेक पाट्यांवर असेच. मामांची खोली ३१४, म्हणजे पाटीच्याच भिंतीला. फोटो बघून आपण म्हणणार, ‘उजवीकडे जा’. चूक. ३१४ मधून बाहेर पडताना मामांची पाठ त्या भिंतीकडे असते, म्हणून नकाशातलं उजवं त्यांचं डावं होतं. खोली समोरच्या भिंतीला असती तर उजवं ते उजवंच राहिलं असतं.

तेव्हा मामांना पाठवायचा निरोप असा: ‘मामा, दारातून बाहेर पडलात की डावीकडे वळा. डाव्या हाताला दोन दारं सोडा, ३१६ आणि ३१८. त्याच्या पुढचं दार जिन्याचं. तिथे धूर असला तर उलटे फिरा, लिफ्टपुढून जाऊन दुसऱ्या टोकाचा जिना. आत्ताच मामींना घेऊन एकदा चालून या आणि जिन्याचं दार मिळालं की मला कळवा.’ दारं मोजायला लावायचीच, कारण धुरात पाटी दिसत नाही, पण भिंतीला हात लावून दारं मोजता येतात. आणि ‘मिळालं’ असा निरोप आल्याशिवाय झोपू नका. आपली दिशा उलटी झाली असेल तर ती इथेच पकडली जाते.

मजल्याचा आकडा आपल्यासारखाच आहे, तळमजला सोडून वरचा पहिला. त्यात वेळ घालवू नका.

नकाशाच्या बाजूला आगीचे नियम असतात. घाबरू नका, आगीची खबर द्या, सुरक्षित जागी जा, जमलं तर विझवायचा प्रयत्न करा. आपल्या वयस्कर मंडळींना चौथा नियम सरळ सोडायला सांगा. खबर द्यायला ११२, त्यावर फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही मिळतात, ११० पोलिसांचा. फोन आपल्या मोबाइलवरून लावा, खोलीतल्या फोनवरून बाहेर लावायला बरेचदा आधी वेगळा आकडा दाबावा लागतो. भिंतीवरच्या लाल डबीची काच फोडून बटण दाबलं की खबर फायर ब्रिगेडला जाते, निळ्या डबीने फक्त इमारतीतला अलार्म वाजतो. निळी दाबून ११२ लावायचं राहिलं तर बाहेर कुणाला पत्ताच नाही. लिफ्ट वापरायची नाही, हे त्यांना माहीत असतं.

नियमांतल्या ‘दारं बंद करा’ याचा अर्थ ओढून घ्या, कुलूप घालू नका. आणि निघताना खोलीचं कार्ड खिशात हवंच. दोन्ही जिन्यांकडे धूर निघाला तर परत खोलीतच यावं लागतं आणि ओढलेलं दार कार्डाशिवाय उघडत नाही. बाहेर पडण्याआधी दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. फटीत ओले टॉवेल कोंबायचे, ११२ ला खोलीचा नंबर सांगायचा, खिडकीतून हात दाखवायचा.

खाली उतरल्यावर जमायची जागा: हिरव्या चौकोनात माणसं आणि चार कोपऱ्यांतून आत येणारे बाण. तिथेच थांबायचं. परस्पर बसमध्ये जाऊन बसलात तर मोजणीत माणूस कमी भरतो आणि त्याला शोधायला कुणीतरी आत शिरतं.

खोलीतल्या बाकी सूचना थोडक्यात. सिगारेट नाही, इलेक्ट्रिक कुकरवर खिचडी नाही. सकाळच्या पूजेला उदबत्ती-कापूर अजिबात नाही, धुराचा अलार्म वाजतो आणि फायर ब्रिगेड आली तर त्याचा खर्च हॉटेल तुमच्याकडून मागू शकतं. छतावरच्या यंत्राला पिशवी बांधायची नाही. अंघोळीच्या वाफेनेही ते वाजू शकतं, म्हणून बाथरूमचं दार लावून घ्या. रात्री दहानंतर शांतता.

हॉटेल बदललं की सगळे फोटो नव्याने. म्युनिकच्या नकाशावर बर्लिनचा जिना सापडत नाही. आणि पुन्हा तेच: पाटी कोणत्या भिंतीवर, दार कोणत्या भिंतीला, हे आधी विचारा, मगच डावं-उजवं सांगा.