किल्ली अर्ध्यात अडकते? या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत माझ्या मावशीचं घर आहे. मे महिन्यात तिच्या दाराची किल्ली अर्धी फिरून थांबायला लागली. शेजारणीच्या सांगण्यावरून तिने खोबरेल सोडलं. दोन दिवस कुलूप लोण्यासारखं चाललं, मग पहिल्यापेक्षा घट्ट झालं. मी किल्ली ओढून पाहिली तर दात्यांत काळा चिकट लगदा आणि त्यात सुताचे तंतू. तेलाने धूळ आणि कापसाची भुकटी धरून ठेवली होती.

पहिली चूक हीच, खायचं तेल किंवा खोबरेल ओतणं. दुसरी, पकडीने किल्ली पिळणं. किल्ली आत तुटली की साधं काम महागात जातं.

आधी दोष कुठे आहे ते बघा. किल्ली ज्या भागात जाते त्या सिलिंडरातल्या पिना दात्यांशी जुळल्या नसत्या तर किल्ली जवळपास फिरलीच नसती. अर्धी फिरते म्हणजे अडथळा बहुतेक पुढे आहे. म्हणून दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. सरळ फिरली, तर सिलिंडर बरा आहे. दार खाली बसलंय किंवा ओलाव्याने फुगलंय आणि कुलपाचा बोल्ट चौकटीच्या पट्टीवर घासतोय. तिथे तेलाचा उपयोग नाही, बिजागरीचे स्क्रू आवळा किंवा पट्टी सरकवा.

मावशीचं दार उघडं असतानाही किल्ली अडली. मग दाराच्या कडेचा, कुलपाच्या पट्टीवरचा लांब स्क्रू काढला, किल्ली किंचित फिरवून सिलिंडर बाहेर सरकवला. हातात घेऊनही तो जड फिरत होता, म्हणजे दोष त्याच्यातच. हातात मोकळा फिरला असता, तर कुलपाची पेटी बघावी लागली असती. हे सगळं दार उघडं ठेवूनच करायचं, आणि दुसरी किल्ली खिशात.

सफाईला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. तो पेट घेतो, म्हणून उदबत्ती, गॅस विझवा, खिडकी उघडा आणि डोळ्यांना चष्मा लावा. किल्लीचं भोक खाली धरून दोन छोटे फवारे मारले, किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, दर वेळी फडक्याने पुसली. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत हेच चार वेळा करावं लागलं. मग अर्धा तास सुकू दिलं.

वंगणासाठी ग्राफाइटची पूड घ्या, चिमटीहून कमी. नसेल तर ६बी पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि ती चार-पाचदा फिरवा. इथे तिसरी चूक होते. तेलाचा अंश राहिला असताना ग्राफाइट टाकलं की पुन्हा तोच लगदा.

एवढं करूनही सिलिंडर हातात अडलाच, तर मूळ किल्ली लावून बघा, कारण नकलेच्या नकलेवर दाते झिजलेले असतात. तीही अडली, तर सिलिंडर बदला. दुकानात जाताना जुना सिलिंडर सोबत न्या. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांचं अंतर मिलिमीटरमध्ये जुळलं पाहिजे.