गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज फिटलं असं समजू नका

माझ्या मावसभावाचा छोटा टेम्पो गेल्या पावसाळ्यात फायनान्सवाल्यांनी उचलला. भाजीची लाईन बंद पडली होती, चार हप्ते थकले होते, सकाळी मार्केटच्या गेटवर दोन माणसं आली, चावी मागितली, ह्यानं देऊन टाकली आणि घरी येऊन वहिनीला म्हणाला, गेला तर गेला, डोक्यावरचं ओझं तरी उतरलं. सहा महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं कागद आला, १ लाख ३० हजार ७५० रुपये भरा. गाडी तुमच्याकडे, पैसे पण तुम्हालाच, हा काय प्रकार, असं म्हणत तो माझ्याकडे आला.

हीच सगळ्यात मोठी चूक. लोकांना वाटतं गाडीच्या बदल्यात कर्ज आहे, गाडी परत दिली की हिशोब बरोबर. तसं नसतं. गाडी तुमचीच असते, आरसीवर नाव तुमचं असतं, फायनान्सवाल्याचं नाव फक्त हायपोथिकेशन म्हणून खाली चढवलेलं असतं. गाडी नुसती तारण आहे आणि कर्ज तुमच्या अंगावर आहे. ती विकून जेवढे येतील तेवढेच खात्यातून वजा होतात.

भावाचा हिशोब असा होता. बाकी मुद्दल ३,४०,०००, थकलेलं व्याज १८,०००, दंड ९,०००, गाडी उचलायचा खर्च १२,०००, आणि यार्डाचं भाडं रोजचे १५० प्रमाणे ४५ दिवसांचे ६,७५०. एकूण ३,८५,७५०. लिलावात टेम्पो गेला २,५५,०००ला. उरले १,३०,७५०. उलटं झालं असतं, म्हणजे टेम्पो ४ लाखाला गेला असता, तर वरचे १४,२५० भावाला परत मिळायला हवे होते. हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.

आता आधीच्या चुकीकडे येऊ, म्हणजे चावी देताना. हप्ते थकले तर गाडी ताब्यात घ्यायचा हक्क फायनान्सवाल्याला अ‍ॅग्रीमेंटमधून मिळतो, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं कलम असेल तर तो हक्क सुप्रीम कोर्टानंही मान्य केलाय, त्यामुळे "कोर्टाच्या ऑर्डरशिवाय हात लावू शकत नाही" हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान दर वेळी चालत नाही. पण गुंड पाठवून, दमदाटी करून, अंगाला हात लावून गाडी नेता येत नाही, हे कोर्टानं २००७ सालीच स्पष्ट सांगितलंय. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीच्या, अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलेलं असावं लागतं की ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस देणार, कधी नोटीस न देता नेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार आणि लिलाव कसा करणार. तर तुमचं अ‍ॅग्रीमेंट कपाटातून काढा आणि हे पान शोधा, सापडत नसेल तर ईमेल करून कॉपी मागा. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर आले तर तेही नियमाबाहेर आहे, स्क्रीनशॉट ठेवा.

आणि गाडी लपवू नका, नोटरी करून दुसऱ्याला विकू तर अजिबातच नका. फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय आरसी ट्रान्सफर होत नाही, हप्ता तुमच्या नावावरच राहतो आणि वर विश्वासघाताची तक्रार गळ्यात पडू शकते.

भावानं चावी देताना एका छापील कागदावर सही केली, त्यावर वर लिहिलं होतं "स्वखुशीने सरेंडर". न वाचता केली, अर्ध्या जागा कोऱ्याच होत्या. कोऱ्या जागेवर सही करायचीच नाही. सही करावी लागलीच तर तारीख, वेळ, किलोमीटर आणि गाडीत काय काय आहे ते लिहूनच, आणि एक कॉपी स्वतःकडे. चारही टायरचे नंबर, बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री, सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये काढायला पाच मिनिटं लागतात. टेम्पो यार्डात दीड महिना पावसात उभा होता, भाव पाडताना घेणारा हेच बोलतो की टायर गेलेत, बॅटरी गेलीय. फोटो नसतील तर गाडी उचलली तेव्हा टायर चांगले होते हे कुणाला सांगणार.

मग लिलावाआधीचं पत्र येतं, बहुतेक वेळा सात नाहीतर पंधरा दिवसांची मुदत असते. भावाकडे ते आलं होतं, पण जुन्या खोलीच्या पत्त्यावर, आणि घरमालकानं ते टीव्हीच्या मागे ठेवलं होतं. पत्ता बदलला असेल तर लेखी कळवा, नाहीतर पत्र पोचलं असंच धरलं जातं. ह्याच दिवसांत खरा खेळ असतो. थकबाकी भरून गाडी सोडवता येते का ते विचारा, नसेल जमत तर स्वतःच गिऱ्हाईक आणा. दोन-तीन सेकंडहँडवाल्यांकडून लेखी भाव घ्या आणि ईमेलवर पाठवा, म्हणा, माझ्याकडे ह्या भावाचा घेणारा आहे, त्याला द्या. भावाच्या टेम्पोला ओळखीच्या डीलरनं आधी ३ लाख १० हजार सांगितले होते, लिलावात ५५ हजार कमी आले. तो भाव लेखी असता तर शॉर्टफॉलवर, म्हणजे लिलावानंतर उरलेल्या बाकीवर, भांडायला केवढं बळ मिळालं असतं!

शॉर्टफॉलचं पत्र आल्यावर दोन चुका होतात. एक तर घाबरून सगळं भरायचं, नाहीतर फाडून टाकायचं. फाडलं तर आर्बिट्रेशनची, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे हजर राहायची, नोटीस येते, हजर राहिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि मग वसुली कोर्टातून. फायनान्सवाल्यानं परस्पर स्वतःच एकटा आर्बिट्रेटर नेमला असेल तर त्याला आक्षेप घेता येतो, पण मुदतीत, वकिलाकडून. आणि जामीनदार! त्याला वाटतं आधी मूळ कर्जदाराला धरतील, पण कायद्यानं दोघांची जबाबदारी सारखीच आहे, थेट जामीनदाराकडेही जाता येतं. भावाचा जामीनदार त्याचा सासरा होता, तो दोन महिने बोलला नाही ते वेगळंच.

आम्ही फायनान्सवाल्यांना ईमेल टाकून एवढं मागितलं: पूर्ण स्टेटमेंट, व्हॅल्युएशन रिपोर्ट, लिलावाची तारीख, किती बोली आल्या, उचलण्याच्या खर्चाची पावती. पावती शेवटपर्यंत आली नाही. दंडावर पुन्हा व्याज लावलेलं सापडलं, एप्रिल २०२४ पासून हे चालत नाही. शेवटी ८५ हजारावर मिटलं, तीन हप्त्यांत. नाही मिटलं असतं तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हा रस्ता मोकळा होता. एक मात्र, तडजोड केली की सिबिलमध्ये "सेटल्ड" असं येतं, "क्लोज्ड" नाही, पुढच्या कर्जाला ते नडतं, पैसे देण्याआधी तडजोडीचं पत्र आणि त्यातला मजकूर हातात घ्या.

राहिलं आरसीचं. लिलाव झाला तरी नवीन मालकाच्या नावावर होईपर्यंत रेकॉर्डला नाव तुमचंच, त्यामुळे चलनाचे मेसेज भावाच्याच मोबाईलवर येत होते, एकदा तर पुणे-सोलापूर रोडवरचं ओव्हरस्पीडचं आलं, टेम्पो जाऊन तीन महिने झाले होते. अपघात झाला असता तर पहिली नोटीस त्यालाच आली असती. गाडी कधी ताब्यातून गेली ह्याचा एकच पुरावा त्याच्याकडे होता, तो "स्वखुशीने सरेंडर"चा कागद, आणि त्यावर तारीख टाकायचीच राहिली होती.