भागीदाराला चूक सांगणारा निरोप

भागीदाराच्या कामामुळे धंद्याचे नुकसान होत असेल, तर निरोप त्याच्या स्वभावाबद्दल नव्हे, तर एका ठरावीक कामाबद्दल आणि तारखेसह लिहावा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपचा हिशेब भागीदार पाहतात. सलग दोन महिने विक्रीच्या बिलांचे जीएसटीआर-१ हे रिटर्न ११ तारखेची मुदत उलटून बरेच उशिरा भरले गेले, त्यामुळे आमची बिले ग्राहकाच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याला मिळू शकणाऱ्या करवजावटीच्या यादीत, दिसली नाहीत आणि त्याने कराची रक्कम रोखून धरली. मी त्यांना असे लिहिले :

“दादा, दोन्ही रिटर्न उशिरा गेल्याने ग्राहकाने बिलांवरचा १८ टक्के कर अडवला आहे आणि कामगारांचे पगार रखडले आहेत. हे नुकसान तुमच्याकडच्या कामामुळे होत आहे, हे मला स्पष्ट सांगावे लागत आहे. आपली पहिली ऑर्डर तुम्हीच आणलीत, याची मला जाणीव आहे. रिटर्नचे काम अकाउंटंटकडे द्यायचे का? शनिवारी शटर ओढल्यावर बसू.”

‘तुम्ही नेहमीच’ हे शब्द मी खोडले, कारण वाद त्यांवरच अडकतो. निरोप ग्रुपवर न टाकता फक्त त्यांनाच पाठवावा, आणि त्याआधी रिटर्न भरल्याची तारीख पोर्टलवर स्वतः पाहावी; बिलांचा तपशील आपल्याकडूनच उशिरा गेला असेल, तर ते निरोपात आधी कबूल करावे.