निमंत्रणाला उत्तर न देणाऱ्यांना विचारताना या चुका टाळा

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी चोवीस घरांना बोलावलं होतं. कार्यक्रम १८ तारखेला, जेवणाचा आकडा १२ला द्यायचा, आणि ८ उजाडली तरी नऊ घरांकडून हू की चू नाही. मग मी पहिली चूक केली. सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं, "ज्यांनी अजून कळवलं नाही त्यांनी प्लीज प्लीज लवकर कळवा 🙏🙏". आधीच हो म्हणालेल्या चौघांनी पुन्हा "आम्ही येतोय" लिहिलं. नऊपैकी तिघांनी नुसता 👍 अंगठा टाकला. आता अंगठा म्हणजे येतो, की वाचलं? तेही कळेना.

ग्रुपवरचा प्रश्न सगळ्यांना असतो, म्हणून तो कुणालाच नसतो. शिवाय त्यात अजिजी आली की समोरच्याला वाटतं, कार्यक्रमाला माणसं मिळत नाहीत की काय! आणि चूक फक्त त्यांची नव्हती. माझंच निमंत्रण काढून वाचलं तर त्यात होतं, "सहकुटुंब नक्की या." म्हणजे मी या म्हटलं होतं, कळवा म्हटलंच नव्हतं. उत्तर कधीपर्यंत हवं, किती जणांचं हवं, एक अक्षर नाही. म्हणून हे नऊ जण आपल्याला टाळतायत असं धरून चालू नका. आठवणीचा मेसेज पाठवताना खरं तर तुम्ही तो प्रश्न पहिल्यांदाच विचारत असता, तेव्हा सुरात तक्रार नको.

दुसऱ्या दिवशी मी एकेकाची चॅट उघडली. दोघांच्या निमंत्रणाला एकच टिक होती, म्हणजे ते पोचलेलंच नव्हतं. तिथे पुन्हा मेसेज टाकून उपयोग नसतो, फोनच करायचा. एकाचा नंबर बदललेला निघाला. नवा नंबर त्याच्या बहिणीकडून मिळाला, आणि "मला बोलावलंच नाही वाटलं" हे ऐकावं लागलं. दुसऱ्याचा फोन दुरुस्तीला गेला होता. तो संध्याकाळी घरच्या नंबरवर सापडला. दोघंही येणार होते. निळ्या टिकांवरून मात्र कुणाला बोलू नका. "वाचलंत, तरी उत्तर नाही" हे वाक्य कितीही हसत लिहिलं तरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं. आणि टिका राखाडी असल्या म्हणजे वाचलं नाही असंही नसतं, कारण निळी टिक बंद करून ठेवता येते.

उरलेल्या सात जणांना वेगवेगळा मेसेज गेला. त्यातला एक असा:

"काका, १८ तारखेच्या जेवणाचा आकडा मला १२ला द्यायचाय. तुमच्याकडून किती जण धरू? जमणार नसेल तरी मोकळेपणाने सांगा, आपण नंतर भेटूच."

यात घाईचं कारण तुमच्या मनातलं नाही, बाहेरचं आहे. त्यामुळे आर्जव वाटत नाही. "येताय ना?" ऐवजी "किती जण धरू?" विचारलं की उत्तर आकड्यातच येतं, नाहीतर "हो" आलं तरी एक की पाच हे पुन्हा विचारावं लागतं. पण सगळ्यात कामाचं आहे ते शेवटचं वाक्य. गप्प बसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर "नाही" असतं आणि ते तोंडावर सांगणं जड जातं. तुम्हीच वाट मोकळी करून दिलीत की ते सुटतात. "तुमच्याशिवाय मजा नाही" लिहिलंत की तीच वाट बंद होते, आणि मग येतं "बघतो, प्रयत्न करतो". हे उत्तर म्हणजे होकार नव्हे. तिथे एकदाच विचारा, "मग सध्या धरू की नको?"

सातपैकी पाच जणांनी त्याच संध्याकाळी कळवलं. त्यांतले तिघं येणार नव्हते. उरलेल्या दोघांना मी दोन दिवस काहीच पाठवलं नाही. रोज टोचलं तर माणूस फोनच उचलत नाही. ११ला फोन केले. एका मावशीने उचलला, "अगं, त्याच दिवशी परगावी जायचंय, कसं सांगू म्हणून राहिलं," म्हणाली. दुसऱ्या घरचा फोन वाजून बंद झाला. त्यांना १२ला शेवटचं लिहिलं: "आज आकडा देतेय. तुमच्याशी बोलणं झालं नाही म्हणून सध्या धरलेलं नाही. यायचं ठरलं तर फक्त एक फोन करा, सोय करते." यापुढे तिसऱ्यांदा विचारायचं नाही. आकडा मात्र मी तीनने वाढवून दिला.

त्यांचा फोन आला नाही. १८ला साडेबाराला त्या घरचे दोघं दारात उभे, हातात भला मोठा गुच्छ. "कळवायचं राहूनच गेलं बघ!"