कॉपीराइटची मेल आली? आधी व्हिडिओ जागेवर आहे का बघा

लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला, मागे स्पीकरवर गाणं वाजत होतं, आणि कॉपीराइटची मेल आली. यूट्यूब स्टुडिओत Content उघडून Restrictions रकान्यात बघा. व्हिडिओ चालू आहे, फक्त जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळलेत, तर तो Content ID चा, म्हणजे यूट्यूबच्या गाणी-व्हिडिओ आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा दावा. कधी व्हिडिओ ब्लॉकही होतो, पण स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरचा ठपका, बसत नाही. उत्तर Dispute मधून द्यायचं.

व्हिडिओ काढून टाकून स्ट्राइक दिला असेल, तर ती हक्कदाराची रीतसर नोटीस. व्हिडिओ चुकून काढला असं सांगणारी काउंटर नोटीस हिच्यासाठीच. (त्यात तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो, हं.)

पाठवल्या दिवसापासून दहा दिवस मोजत बसू नका. यूट्यूब आधी ती तपासतं. समोरच्याला पाठवली की त्याला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला अमेरिकेतले 10 कामाचे दिवस मिळतात. तो आला नाही तर व्हिडिओ परत येतो.