फोटो होता, प्रश्न गेला

रावेर भागातले केळीवाले मला व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवतात. गेल्या पावसाळ्यात जागा भरली म्हणून चॅट साफ केल्या. गॅलरीत फोटो राहिले. महिन्याने एक फोटो उघडला: कोवळ्या पानावर पिवळे पट्टे. केळीवरचा हरण्या रोग दिसत होता, पण फोटो पाठवणाऱ्या भाऊंनी विचारलं काय होतं? 'काय फवारू?' की 'झाड उपटू का?'

आता फोटो आला की त्याच दिवशी वहीत एक ओळ लिहितो:

`IMG-20240809-WA0014` – लागवड जून, तिसरं पान, बांधाला काकडी. विचारलं: 'एकच झाड असं आहे, उपटू की थांबू?'

प्रश्न त्यांच्याच शब्दांत. पहिल्या आठवड्यात मी नुसतं 'हरण्या' लिहायचो. ते माझं उत्तर झालं, त्यावरून प्रश्न परत उभा राहत नाही. बांधावरची काकडीही फोटोत नसते, आणि मावा ही कीड हरण्या तिथूनच केळीवर आणू शकते.

एक खोच आहे. नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, माझ्या फोनवर आल्याची असते. तोच फोटो दुसऱ्याच्या फोनवर गेला की नावही बदलतं. म्हणून फोटो कधी काढला, तेही विचारून लिहितो.